चिठ्ठीशिवाय आलेलं पाकीट

२००८ सालचे पहिले पाच महिने. सिंगापूरच्या सरकारी रुग्णालयांत बेशुद्ध किंवा बरळणारे रुग्ण येऊ लागले, जवळजवळ सगळे पुरुष. रक्त तपासलं की साखर पार खाली गेलेली. इतकी साखर उतरते ती सहसा मधुमेहाच्या औषधाने, आणि यांच्यापैकी कुणालाही मधुमेह नव्हता. मे अखेरपर्यंत अशा रुग्णांचा आकडा १५० वर गेला. सात जण शुद्धीवर आलेच नाहीत. त्यांतले चौघे दगावले.

बहुतेकांच्या रक्तात किंवा लघवीत ग्लिबेनक्लामाइड सापडलं. हे मधुमेहाचं जुनं औषध आपल्याकडेही अनेक घरांत ओळखीचं आहे. ते आलं कुठून याचा माग काढला तेव्हा हाती लागल्या ताठरतेसाठी चोरून विकल्या जाणाऱ्या गोळ्या. काहींवर नामांकित कंपनीचं बनावट नाव होतं, तर काही ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जात होत्या. एकेका गोळीत हे औषध १३ पासून १०० मिलिग्रॅमपर्यंत निघालं. मधुमेही माणसालाही डॉक्टर सुरुवातीला अडीच ते पाच मिलिग्रॅम देतात. १५० जणांपैकी अशी गोळी घेतल्याचं फक्त ४५ जणांनी कबूल केलं. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत काळजी करायला लावणारा आकडा हाच वाटतो. मेंदूला साखर मिळत नसतानाही माणसं डॉक्टरांपाशी गप्प राहिली, किंवा त्यांच्या घरच्यांना काही माहीतच नव्हतं.

बनावट गोळीचा धंदा या गप्प राहण्यावरच चालतो. गुण आला नाही, डोकं दुखलं, चक्कर आली, तरी गिऱ्हाईक तक्रार करायला येणार नाही हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

व्हायग्रा या नावाने १९९८ मध्ये बाजारात आलेल्या औषधाचं मूळ नाव सिल्डेनाफिल. ती बनवणाऱ्या फायझर कंपनीने पुढे इंटरनेटवर शोधल्यावर सहज समोर येणाऱ्या २२ संकेतस्थळांवरून गोळ्या मागवून प्रयोगशाळेत तपासल्या. २२ पैकी १७ नमुने बनावट निघाले. त्यांत सिल्डेनाफिल होतं, पण पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्म्याहून जास्त नव्हतं. हा फसवणुकीचा जास्त अवघड प्रकार आहे, कारण अशी गोळी थोडीफार लागू पडते. माणसाला वाटतं, माल खरा आहे, फक्त आपल्याला एक पुरत नाही. मग तो दोन घेतो. पुढच्या खेपेला पाकिटात पूर्ण ताकदीच्या गोळ्या आल्या तर तेवढ्याच दोन गोळ्यांनी मात्रा दुपटीहून वर जाते.

घरी आलेली गोळी खरी की खोटी हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. रंग, आकार, छपाई या सगळ्याची हुबेहूब नक्कल होते. तरीही पट्टी उलटी करून उजेडात धरावी. आपल्याकडच्या पट्टीवर Rx हे चिन्ह असतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा असतो. औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम, बॅच क्रमांक, बनवल्याची व मुदत संपण्याची तारीख, उत्पादन परवान्याचा क्रमांक, कारखान्याचा पत्ता आणि किंमतही असते. पट्टी आणि खोका यांच्यावरचा बॅच क्रमांक जुळतो का ते पाहावं. सुट्या गोळ्या आल्या असतील किंवा कारखान्याचा पत्ताच नसेल तर गोळी तोंडात घालू नये. ‘२०० मिलिग्रॅम, डबल पॉवर’ असं लिहिलेलं असेल तर पुढे काही तपासायची गरजच नाही, कारण सिल्डेनाफिलची दिवसाची कमाल मात्रा १०० मिलिग्रॅम आहे. तसंच ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणवणारी कॅप्सूल अर्ध्या तासात हमखास गुण देत असेल, तर तिच्यात सिल्डेनाफिल किंवा त्याचंच भावंड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता असते. अशी भेसळ जगभर पुन्हा पुन्हा पकडली गेली आहे.

पट्टीच्याही आधी दुकान पाहावं. चिठ्ठी न मागता ही गोळी पाठवायला जो तयार आहे, त्याने पहिला नियम तिथेच मोडलेला असतो. बिलावर दुकानाचं नाव, पत्ता आणि औषधविक्रीचा परवाना क्रमांक हवा. बिल न देता व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन साध्या लिफाफ्यात माल पाठवणारा उद्या सापडणार नाही. खरं तर या औषधाच्या साध्या, परवानाधारक कंपन्यांच्या गोळ्या भारतात मेडिकलमध्ये परवडणाऱ्या दरात मिळतात. लोक आडमार्गाने जातात ते पैशांपेक्षा संकोचापायी.

आता चिठ्ठीचं. समजा, ५६ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं होतं, तेव्हापासून खिशात सॉर्बिट्रेट असते. त्यांनी ऑनलाइन मागवलेली गोळी अगदी अस्सल आहे. रात्री ती घेतली, तासाभराने छातीत कळ आली, म्हणून सवयीने सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली. सॉर्बिट्रेट नायट्रेट गटातलं औषध आहे. त्याने शरीरात रक्तवाहिन्या सैल करणारा पदार्थ वाढतो. सिल्डेनाफिल तोच पदार्थ नाहीसा होऊ देत नाही. नळ पूर्ण सोडायचा आणि मोरीला बोळा लावायचा, तसं हे होतं. सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब कोसळतो आणि आधीच कमी रक्त मिळणाऱ्या हृदयाला आणखी कमी मिळतं. इथे बनावट काहीच नव्हतं. दोन्ही औषधं खरी होती आणि त्यांनीच जिवावर बेतलं.

डॉक्टर चिठ्ठी लिहिण्याआधी नेमकं हेच विचारतात. छातीत दुखतं का, जिभेखालची गोळी किंवा नायट्रेटचा पॅच चालू आहे का? प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखं काही घेता का? त्यानेही रक्तदाब उतरतो. यकृत, मूत्रपिंड ठीक आहे का? उत्तरं पाहून सहसा ५० मिलिग्रॅम देतात, वय ६५ च्या पुढे असेल तर २५. भरपेट तेलकट जेवणावर घेतली तर गुण उशिरा येतो, हेही सांगतात. नाहीतर माणूस अर्धा तास वाट पाहून दुसरी गोळी घेतो. ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर लगेच रुग्णालय गाठायचं, हेही त्यांच्याकडूनच कळतं.

शिवाय ते रक्तदाब मोजतात, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला सांगतात. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे आतून चरबी साठू लागली की आधी त्या तुंबतात. छातीत कळ येण्याच्या काही वर्षं आधी ताठरतेची तक्रार सुरू झाली, असं अनेक रुग्णांच्या बाबतीत दिसतं. गुपचूप गोळी मागवणाऱ्याची तक्रार तात्पुरती दबते आणि मधुमेह किंवा हृदयविकार न सापडता वाढत राहतो.

समोर बसून बोलणं जड जात असेल तर २०२० पासून नोंदणीकृत डॉक्टरांचा सल्ला व्हिडिओवरही नियमाने घेता येतो. घरात निदान एका माणसाला, बहुधा पत्नीला, ही गोळी घेतो हे ठाऊक असू द्यावं. गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर सॉर्बिट्रेट घ्यायची नाही, १०८ ला फोन करायचा. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं, कोणती गोळी घेतली आणि किती वाजता. सिल्डेनाफिल असेल तर ते निदान २४ तास नायट्रेट देणार नाहीत, टॅडालाफिल असेल तर ४८ तास.