पंधरा पायऱ्या आणि एक भोंगा

३ जुलै २००० च्या रात्री ९ वाजता स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती'चा पहिला भाग लागला. तेव्हा घरोघरी चर्चा दोनच गोष्टींची होती: एक कोटी रुपयांची आणि छोट्या पडद्यावर आलेल्या अमिताभ बच्चन यांची. त्या रकमेचं अप्रूप आता ओसरलं आहे आणि अमिताभ यांचं पडद्यावर दिसणं सवयीचं झालं आहे. कार्यक्रम मात्र हंगामामागून हंगाम येतच राहिला. तो कशावर तगला हे समजून घ्यायचं, तर बक्षिसाच्या आकड्याऐवजी त्या आकड्यापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या पाहाव्या लागतात.

नुसत्या आकड्याने काम भागत नाही, हे त्याच वर्षी दिसलं. ऑक्टोबर २००० मध्ये झी टीव्हीने 'सवाल दस करोड का' आणला. बक्षीस दहापट, सूत्रधार अनुपम खेर आणि मनीषा कोईराला. तो फार काळ चालला नाही. दरम्यान केबीसीवर मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे या तरुणाने पहिला कोटी जिंकला होता आणि कार्यक्रमाची पकड आणखी घट्ट झाली होती.

हा साचा मूळचा ब्रिटनचा. 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?' हा कार्यक्रम सप्टेंबर १९९८ मध्ये आयटीव्हीवर सुरू झाला. त्याचा जीव पंधरा प्रश्नांच्या शिडीत आहे. आपल्याकडे पहिल्या हंगामात ती हजार रुपयांपासून सुरू होई, पाचव्या प्रश्नाला १०,००० वर येई, दहाव्याला ३,२०,००० वर आणि पंधराव्याला कोटीवर. पाचवी आणि दहावी पायरी पक्की होती. तिथवर पोचलेला स्पर्धक पुढे चुकला, तरी तेवढे पैसे घेऊनच घरी जाई.

या दोन पक्क्या पायऱ्यांचा हिशेब मांडला की कार्यक्रमाची लय उलगडते. दहाव्या प्रश्नाला स्पर्धकाच्या हातात १,६०,००० असतात. चुकला तर तो १०,००० वर येतो, म्हणजे दीड लाख गेले. इथे माणूस घाम पुसतो, पाण्याचा ग्लास उचलतो. तो प्रश्न सुटला की अकरावा जवळजवळ फुकटचा: चुकलं तरी ३,२०,००० हातात आहेतच. मग सूत्रधार गप्पा मारतो, स्पर्धक हसतो, घरातले बघणारेही जरा सैलावतात. त्यानंतर चढ पुन्हा सुरू होतो आणि या वेळी तो फार उभा असतो. २५ लाख हातात असताना चौदावा चुकला तर २१,८०,००० जातात. ५० लाखांवर बसून पंधरावा चुकला तर ४६,८०,०००. ताण, विसावा, पुन्हा त्याहून मोठा ताण, हा क्रम शिडीतच बांधलेला आहे. सूत्रधाराचा दिवस कसाही असो, तो आपोआप घडतो. चांगल्या साच्याची माझी कसोटी हीच आहे: त्याच्या लयीचा भार एकट्या माणसाच्या खांद्यावर नसावा.

त्या लयीच्या आत प्रत्येक प्रश्नाची स्वतःची एक लहान लय आहे. प्रश्न वाचला जातो. पर्याय एकेक करून उमटतात. स्पर्धक मोठ्याने विचार करतो आणि आपणही घरी बसून त्याच्याबरोबर उत्तर ठरवून टाकतो. सूत्रधार पुन्हा विचारतो, खात्री आहे का? उत्तर 'लॉक' होतं, पर्यायाचा रंग बदलतो, आणि मग काही क्षण काहीच घडत नाही. ते काहीच न घडणं ही या कार्यक्रमातली सर्वांत विचारपूर्वक घडवलेली जागा आहे, कारण त्या वेळात प्रेक्षक स्वतःचं उत्तर पणाला लावून बसलेला असतो. ती जागा हजाराच्या प्रश्नाला ताणली तर कंटाळा येतो, पन्नास लाखांच्या प्रश्नाला घाईत उरकली तर फसवणूक वाटते. संगीतही या कामाला जुंपलेलं आहे. कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅकन या पितापुत्रांनी मूळ कार्यक्रमासाठी केलेल्या रचनेत वरच्या प्रश्नांचं पार्श्वसंगीत दर प्रश्नागणिक अर्ध्या स्वराने चढत जातं. ते वेगळं ओळखू येत नाही, पण चढल्याचं जाणवतं.

सलामीच्या सुरावटीबद्दल निर्मात्यांनी दाखवलेलं भान मला फार मोलाचं वाटतं. २०१९ च्या हंगामासाठी अजय-अतुल यांनी ते संगीत भारतीय वाद्यांसह नव्याने बांधलं. तरी स्वयंपाकघरात असलेल्या माणसाला 'लागलं' हे कळावं, एवढी जुनी ओळख त्यांनी शाबूत ठेवली.

आता भोंगा. बहुतेक प्रश्नमंजूषांमध्ये एका भागात एक खेळ पुरा होतो. इथे भागाची वेळ संपली की भोंगा वाजतो आणि खेळ जिथे असेल तिथेच थांबतो. समोरचा माणूस उद्या त्याच खुर्चीत, त्याच रकमेवर, उरलेल्या मदतींसह बसणार. पहिला हंगाम सोमवार ते गुरुवार दाखवला जाई. गुरुवारी एखादा वरच्या पायऱ्यांवर अडकला, की लोकांना तीन दिवस विषय मिळे. मालिकेतली उत्कंठा लेखकाला रचावी लागते. इथे ती घड्याळ रचतं, म्हणूनच ती खोटी वाटत नाही.

पुढच्या वर्षांत या सांगाड्याला बरेच धक्के बसले. २००५ मध्ये बक्षीस दोन कोटी झालं. अमिताभ आजारी पडल्यामुळे तो हंगाम २००६ च्या सुरुवातीला थांबला. २००७ मध्ये शाहरुख खान आले, साचा तोच होता, पण ते एकाच हंगामापुरते राहिले. तेव्हा लय साच्यात असली, तरी ती शांतपणे सोसणारा सूत्रधार लागतो, असं मला त्यावरून वाटतं. शाहरुख यांच्या बोलण्यातली चपळाई लॉकनंतरच्या थांब्याला मानवत नव्हती.

२०१० मध्ये कार्यक्रम सोनीवर गेला, अमिताभ परतले, आणि सुरुवातीच्या प्रश्नांना घड्याळ लागलं. तो बदल अचूक होता. सोप्या प्रश्नांवरचं रेंगाळणं त्याने काढून टाकलं आणि वरच्या प्रश्नांची मोकळीक तशीच ठेवली. २०२२ मध्ये ५० लाख आणि एक कोटी यांच्यामध्ये ७५ लाखांचा टप्पा आला. तो मला खटकला, कारण शिडीच्या वरच्या टोकाची उडी जितकी लांब, तितका त्या खुर्चीतला क्षण मोठा.

खरा धोका मात्र दुसरीकडे आहे. सोनीच्या काळात स्पर्धकाच्या गावाची, घराची, कष्टांची चित्रफीत हा ठरलेला भाग झाला. २०११ मध्ये मोतीहारीच्या सुशील कुमार यांनी पाच कोटी जिंकले, २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे कोट्यधीश झाल्या. त्यांची गोष्ट आधी ठाऊक असल्यामुळे त्यांच्या प्रत्येक लॉकला वजन आलं. पण चित्रफीत, मग तिच्यावर गप्पा, मग कुटुंबीयांशी बोलणं असं साचत गेलं, की दोन लॉकमधलं अंतर वाढतं. घरात लोक उत्तर ओरडायचं सोडून मोबाइल हातात घेतात, तेव्हा ते वाढलं आहे असं समजावं.

मराठीत हा साचा २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर 'कोण होईल मराठी करोडपती' म्हणून आला, सचिन खेडेकर यांच्यासह. २०१९ मध्ये सोनी मराठीवर 'कोण होणार करोडपती'त नागराज मंजुळे सूत्रधार होते, पुढे पुन्हा खेडेकर आले. खेडेकर शब्द तोलून बोलतात, मंजुळे समोरच्याच्या शेजारी बसल्यासारखे. दोघांचे स्वभाव इतके वेगळे असूनही दोघांकडे कार्यक्रम केबीसीच वाटला, कारण लॉकनंतरची शांतता दोघांनीही भरून काढायचा प्रयत्न केला नाही.