खिडकीपासून तीन फूट, भिंतीपासून तीन फूट

शिकवणीचा धडा असो, पाककृती असो, पुस्तकाची ओळख असो किंवा सोसायटीच्या गटात टाकायचं निवेदन असो, फोनसमोर बसून बोलायची वेळ आता कुणावरही येते. व्हिडिओ कळकट दिसला की बहुतेक जण आधी फोनला दोष देतात, मग रिंग लाइटच्या किमती बघतात. दिवसाउजेडी चित्रण करायचं असेल तर दोन्हींची गरज सहसा पडत नाही. एक खिडकी, एक मोकळी भिंत आणि त्यांच्यापासून आपण किती लांब बसतो याचा हिशेब, एवढ्यावर काम भागतं.

आधी खिडकीबद्दल. चेहऱ्यावर पडणारा प्रकाश मऊ आहे की कडक, हे प्रकाशाचा उगम आपल्या जागेवरून किती मोठा दिसतो यावर ठरतं. उघडा बल्ब लहान दिसतो, म्हणून नाकाची सावली गालावर रेघ ओढल्यासारखी उमटते. चार फूट रुंद, चार फूट उंच खिडकी तीन फुटांवरून खूप मोठी दिसते. तिचा प्रकाश चेहऱ्याला अनेक कोनांतून भिडतो आणि सावलीची कड विरघळते. तीच खिडकी दहा फुटांवरून लहान होते आणि प्रकाशही कमी पडतो. अशा खिडकीसमोर तीन फुटांवर बसलेला माणूस सहा फुटांवर सरकला, तर त्याच्या वाट्याला जेमतेम एक तृतीयांश उजेड उरतो. डोळे सरावतात, म्हणून आपल्याला हे जाणवत नाही. फोनला मात्र तो उजेड कृत्रिमरीत्या वाढवून घ्यावा लागतो आणि त्या वाढीबरोबर चित्रात दाणे येतात. ते दाणे पुसायच्या नादात फोन कातडीचा पोत आणि केसांच्या बटाही पुसतो. कळकटपणाचं मूळ बहुधा इथे असतं.

खिडकीचा प्रकाश म्हणजे आकाशाचा उजेड, थेट ऊन नव्हे. थेट ऊन आलं की आपल्याकडच्या खिडक्यांचं ग्रिल चेहऱ्यावर पट्टे ओढतं. पूर्वेच्या खिडकीत ऊन सरकेपर्यंत, म्हणजे साधारण अकरापर्यंत थांबावं. पश्चिमेच्या खिडकीचं काम दुपारच्या आत उरकावं. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन दिवसभर आत येतं, तिथे पडदा लागतोच. उत्तरेची खिडकी सगळ्यांत भरवशाची. मात्र मार्चच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडे उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेकडे मावळतो, त्यामुळे त्या महिन्यांत सकाळ-संध्याकाळ तिथेही तिरपं ऊन डोकावतं. ऊन टाळता येत नसेल तर पातळ पांढरं कापड खिडकीवर ताणून बांधावं. जुनं धोतर किंवा चादर चालते. रंगीत पडदा चालत नाही, कारण त्याचा रंग चेहऱ्यावर उतरतो. काचेचंही तसंच. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना पुष्कळदा तपकिरी किंवा हिरवट काच असते. ती बाजूला सारावी आणि डासांची जाळीही सरकवावी, कारण जाळी उजेड बराच खाते.

आता नेमकी एक खोली घेऊ. दहा फूट बाय बारा फूट, शहरातल्या फ्लॅटमध्ये असते तशी. दहा फुटांच्या भिंतीत मधोमध चार फुटांची खिडकी आहे. बारा फुटांच्या एका भिंतीवर काही टांगलेलं नाही, ती आपली पार्श्वभूमी. खुर्ची या भिंतीपासून तीन फूट पुढे आणि खिडकीच्या भिंतीपासूनही तीन फुटांवर ठेवायची, तोंड समोरच्या लांब भिंतीकडे. आता खिडकीची मागची कड बरोबर कानाच्या रेषेत येते आणि बाकी सगळी खिडकी चेहऱ्याच्या पुढे राहते. सगळं गणित या जागेत आहे. खिडकी कानाच्या मागे गेली तर प्रकाश केसांवर आणि मानेवर पडतो, चेहरा अंधारात जातो. अगदी समोर आली तर चेहरा उजळतो, पण नाक-गालांचा उठाव जातो आणि चेहरा सपाट दिसतो. मागची कड कानाशी आणि बाकी खिडकी पुढे असली की एक गाल उजळ राहतो, दुसरा थोडा सावळा, आणि दोन्ही डोळ्यांत खिडकीचा चमकता ठिपका दिसतो. फोनच्या पडद्यावर तो ठिपका दोन्ही डोळ्यांत दिसत नसेल, तर खुर्ची भिंतीकडे थोडी मागे सरकवावी.

भिंतीपासूनचे तीन फूट कशासाठी? माणूस भिंतीला टेकून बसला की त्याची सावली मागेच चिकटते आणि डोक्याभोवती काळपट कडा दिसते. तीन फूट पुढे आला की तीच सावली खिडकीच्या विरुद्ध बाजूला लांब सरकते आणि पसरून पुसट होते. शिवाय भिंत खिडकीकडे उजळ आणि दुसऱ्या टोकाला हळूहळू मंद होत जाते. त्या उतारामुळे साध्या भिंतीलाही खोली येते. याच तिरप्या उजेडाचा एक तोटाही आहे. भिंतीवरून घसरत जाणारा प्रकाश पुट्टीचा प्रत्येक उंचवटा, जुन्या खिळ्याचं भोक आणि फ्रेम काढल्यावर राहिलेला चौकोनी डाग उठावदार करतो. म्हणून भिंत निवडताना ट्यूबलाइट बंद करून, फक्त खिडकीच्या उजेडात ती बघावी.

भिंतीचा रंग तर त्याहून महत्त्वाचा. ऑइलपेंटची चकचकीत भिंत खिडकीचा पांढरा पट्टा दाखवते, डिस्टेंपरची मंद भिंत दाखवत नाही. गडद हिरवी किंवा गुलाबी भिंत खिडकीच्या समोरच्या बाजूला असली तर सावलीतल्या गालावर तिची छटा पडते. पार्श्वभूमीला फिकट राखाडी, मातकट किंवा मंद निळसर रंग उत्तम. पांढरी शुभ्र भिंत सगळ्यांकडे असते, आणि सगळ्यांत जास्त घोळ तीच करते. फोन चित्रातला एकंदर उजेड मध्यम पातळीवर आणायला बघतो. चौकटीचा बराचसा भाग पांढऱ्या भिंतीने व्यापलेला असला की त्याला दृश्य फार उजळ वाटतं आणि तो सगळंच काळवंडतो. भिंत राखाडी होते आणि चेहरा, विशेषतः सावळ्या रंगाचा, गडद होतो. आजचे फोन चेहरा ओळखून हे काहीसं सावरतात, पण बोलताना माणूस पुढे झुकला, हात हलवला की त्यांचा हिशेब बदलतो.

ही खोड ओळखायची खूण चेहऱ्यावर सापडत नाही, भिंतीवर सापडते. चित्रण बघताना भिंतीवर नजर ठेवावी. बोलता बोलता भिंत उजळ-मंद होत असेल तर फोन एक्स्पोजर सतत बदलतो आहे. उपाय सोपा आहे. चित्रणाआधी पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं. आयफोनवर AE/AF LOCK अशी अक्षरं येतात, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कुलूप दिसतं. मग बाजूची सूर्याची खूण बोटाने वर-खाली सरकवून चेहरा नीट दिसेपर्यंत उजेड लावून घ्यायचा. भिंत थोडी जास्त पांढरी झाली तरी चालेल. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर मात्र पांढरा डाग पडता कामा नये, कारण तिथला तपशील नंतर परत आणता येत नाही.

खोलीतले दिवे बंद ठेवायचे. पिवळ्या दिव्याचा आणि आकाशाच्या उजेडाचा रंग वेगळा असतो. दोन्ही एकत्र आले की एक गाल पिवळट आणि दुसरा निळसर दिसतो, आणि फोनला दोन्ही एकदम दुरुस्त करता येत नाहीत. शिवाय आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. सेकंदाला तीस चित्रं टिपणाऱ्या फोनवर ते भिंतीवरून सरकणाऱ्या पट्ट्यांसारखं दिसू शकतं. दिवा विझवला की दोन्ही कटकटी एकदम मिटतात. पंखाही बंद ठेवावा, त्याचा आवाज माइकमध्ये शिरतो.

सावळा गाल फारच काळा वाटत असेल तर त्या बाजूला, चौकटीबाहेर दोन फुटांवर, पांढरा कार्डशीट किंवा खुर्चीच्या पाठीवर टाकलेली पांढरी चादर ठेवावी. खिडकीचा उजेड तिच्यावरून परततो आणि सावली हलकी होते. ॲल्युमिनियमची चकचकीत फॉइल इथे नको, तिचे ठिपके चेहऱ्यावर पडतात.

फोन डोळ्यांच्या उंचीवर, चेहऱ्यापासून चार फुटांवर असावा. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान लहान दिसतात. मागचा कॅमेरा वापरावा, कारण तो सहसा पुढच्यापेक्षा सरस असतो. त्याची काच आधी सुती कापडाने पुसावी, कारण तेलकट बोटाच्या ठशामुळेच उजेडाभोवती धुकं दिसतं. आपल्या खोलीत फोन उभा धरला तर चार फुटांवर काम चालतं. आडवा धरला तर खिडकीकडचा कोपरा चौकटीत डोकावतो. मग फोन सहा फुटांवर न्यायचा आणि 2x निवडायचं. भिंतीचा कमी भाग आत येतो आणि कोपरा बाहेर जातो. चष्मा असेल तर काचेत खिडकी उमटते. हनुवटी किंचित खाली घेतली किंवा चष्म्याच्या काड्या कानावर जराशा उचलल्या की ते प्रतिबिंब बहुधा खाली सरकतं.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. पावसाळ्यात ढग आले-गेले की उजेड मिनिटामिनिटाला बदलतो, आणि एक्स्पोजर कुलूपबंद असल्यामुळे तो बदल चित्रात दिसतो. एकसारख्या दाट ढगाचा दिवस मात्र उत्तम, तेव्हा सगळं आकाशच मऊ दिवा होतं. एका भागाचं चित्रण एकाच बैठकीत, तासाभरात संपवावं. सकाळी अर्धं आणि दुपारी अर्धं केलं तर जोड उघडी पडते. सूर्यास्तानंतर हा मार्ग बंद, तेव्हा दिव्यांची वेगळी मांडणी लागते.

पहिला खरा टेक घेण्याआधी वीस सेकंद बोलून चित्रण करा आणि फोनचा उजेड पूर्ण वाढवून ते बघा. दोन्ही डोळ्यांत खिडकी आहे का, कपाळावर पांढरा डाग नाही ना, भिंत स्थिर आहे का, एवढंच तपासा. तिन्हींची उत्तरं ठीक असतील, तर दिव्यावर पैसे खर्च करण्याआधी कॉलरला लावायचा माइक घ्या. दूरच्या फोनने टिपलेला घुमणारा आवाज खिडकी सुधारू शकत नाही.