साडेचार लाखांच्या वर

प्लेटलेट म्हटलं की आपल्याकडे डेंग्यू आठवतो. काउंट किती खाली गेला, पपईच्या पानांचा रस दिला का, किवी कितीला मिळाली, अशीच चौकशी होते. काउंट वर गेला तर मात्र कुणाला फारशी काळजी वाटत नाही. उलट ‘प्लेटलेट भरपूर आहेत’ असं समाधानाने सांगणारेही मी पाहिलेत. माणसाच्या रक्तात मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. साडेचार लाखांच्या वर गेल्या की त्याला थ्रॉम्बोसायटोसिस म्हणतात आणि मग एकच प्रश्न उरतो. हे काउंट कुणी सांगितलं म्हणून वाढलेत, की कुणी न सांगता?

हा प्रश्न मला एका शिक्षिका बाईंच्या फायलीने नीट शिकवला. ओळख पटू नये म्हणून तपशिलात थोडा फेरफार केला आहे.

बाई सेहेचाळीस वर्षांच्या. ताप आणि खोकला घेऊन फिजिशियनकडे गेल्या, एक्स-रेमध्ये न्यूमोनिया दिसला. सीबीसी माझ्याकडे आला. हिमोग्लोबिन 8.4, तांबड्या पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, 67, पांढऱ्या पेशी 15,800 आणि प्लेटलेट 9 लाख 40 हजार. सीआरपी 96. आकडा एवढा मोठा असला की मी आधी स्लाइड बघतो. रक्तात बारीक, तुटक्या तांबड्या पेशी असतील तर मशीन त्यांनाही प्लेटलेट समजून मोजतं. इथे तसं नव्हतं. तांबड्या पेशी फिकट होत्या, काही पेन्सिलीसारख्या लांबट, आणि त्यांच्या अधेमधे खरोखरच प्लेटलेटचे पुंजके.

वाढ खरी, आणि कारणं हाताशी दोन.

पहिलं कारण संसर्ग. हाडाच्या मगजात मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात. प्लेटलेट म्हणजे त्यांचे सुटलेले तुकडे. किती बनवायचे याची ऑर्डर मुख्यतः यकृताकडून येते, थ्रॉम्बोपोएटिन या संप्रेरकाच्या रूपाने. शरीरात कुठे दाह सुरू झाला की इंटरल्युकिन-6 यकृताला ढोसतं आणि ऑर्डर वाढते. माल यायला वेळ लागतो, म्हणून बरेचदा ताप उतरल्यावर, दुसऱ्या आठवड्यात काउंट चढलेला दिसतो. डेंग्यूतून उठलेल्या माणसाचा काउंटही कधी असाच काही दिवस साडेचार लाख ओलांडून जातो.

दुसरं कारण लोहाची कमतरता. मगजात अशी एक मूळ पेशी असते, जिच्यापुढे दोन वाटा असतात. एक तांबड्या पेशीकडे जाते, दुसरी मेगाकॅरिओसाइटकडे. लोह कमी पडलं की ती दुसऱ्या वाटेला झुकते. रक्त कमी आणि प्लेटलेट जास्त ही जोडी त्यामुळेच दिसते. या दोन्ही प्रकारांना रिअॅक्टिव्ह म्हणतात. वाढलेल्या काउंटपैकी बहुतेक याच जातीचे असतात, दहा लाखांवर गेलेलेसुद्धा. म्हणजे आकड्याच्या उंचीवरून निदान होत नाही. आणि नुसत्या आकड्याला घाबरून अॅस्पिरिन सुरू करायचं कारण नसतं.

बाईंचं फेरिटिन मात्र 41 आलं. लॅबच्या मर्यादेत. ‘लोह ठीक आहे’ असं इथे सहज लिहून टाकलं असतं. पण फेरिटिन हा लोहाच्या साठ्याचा आकडा असला तरी दाहातही तो फुगतो. सीआरपी 96 असताना फेरिटिन 41 म्हणजे साठा रिकामा असण्याचीच शक्यता. चार आठवड्यांनी, न्यूमोनिया निवळल्यावर पुन्हा रक्त घेतलं. सीआरपी 4, फेरिटिन 7. प्लेटलेट 7 लाख 90 हजार. संसर्गाचा वाटा गेला, उरला तो लोहाचा, असं आम्ही धरलं. पाळी आठ-आठ दिवस चालते हे बाईंनी विचारल्यावर सांगितलं. सोनोग्राफीत फायब्रॉइड निघाला. सगळं जुळलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, गोळीबरोबर चहा घ्यायचा नाही एवढं बजावून.

इथेच बहुतेक फायली बंद होतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. लोह मिळायला लागलं की काही आठवड्यांतच, साठा पुरता भरण्याच्या आधीच, काउंट उतरतो. उतरला की निदान पक्कं; आधी नाही.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 12.4, एमसीव्ही 84, फेरिटिन 46. प्लेटलेट 6 लाख 10 हजार. सीआरपी पुन्हा साधा, सांधेदुखी नाही, वजन उतरलेलं नाही, प्लीहा काढलेली नाही. ऑर्डर देणारं कुणीच उरलं नव्हतं, तरी माल येतच होता.

मग मी बाईंना घरातले जुने रिपोर्ट शोधायला सांगितलं. ही तपासणी फुकट असते आणि तरी सगळ्यात शेवटी सुचते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन वर्षांपूर्वीचा एक चेकअप निघाला. हिमोग्लोबिन 12.6, एमसीव्ही 86, प्लेटलेट 5 लाख 60 हजार, ठळक अक्षरांत छापलेलं. हिमोग्लोबिन चांगलं म्हणून कुणी पुढे वाचलं नव्हतं. तेव्हा रक्त कमी नव्हतं, पेशींचा आकार व्यवस्थित होता, तरी काउंट चढलेलाच होता.

एसेन्शियल थ्रॉम्बोसायथीमिया हा आजार व्हिएन्नाच्या एपस्टाइन आणि गोडेल यांनी 1934 मध्ये प्रथम मांडला. त्याचं मूळ हाती यायला 2005 उजाडलं. मेगाकॅरिओसाइटवर थ्रॉम्बोपोएटिनची कडी वाजवायचं एक दार असतं. एमपीएल हे त्या दाराचं जनुक, आणि आतला निरोप्या जॅक-2. यातल्या एकात बिघाड झाला की कुणी कडी न वाजवताही आत निरोप जात राहतो. 2013 मध्ये तिसरा गुन्हेगार सापडला, सीएएलआर. त्याचं बिघडलेलं प्रथिन स्वतःच त्या दाराला चिकटून कडी वाजवत बसतं. निम्म्याहून अधिक रुग्णांत जॅक-2 सापडतं, साधारण चौथ्या हिश्शात सीएएलआर, थोड्यांत एमपीएल. दहातल्या एखाद्यात तिन्हींपैकी काहीच नाही.

बाईंची जॅक-2 तपासणी निगेटिव्ह आली. पहिल्याच दिवशी घाईने तेवढी एकच तपासणी केली असती तर ‘आजार नाही’ म्हणून आम्ही निर्धास्त झालो असतो. सीएएलआर पॉझिटिव्ह निघाला. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचं बीसीआर-एबीएल नव्हतं. बोन मॅरोत मेगाकॅरिओसाइट मोठे, पक्व, केंद्रकाला सांबराच्या शिंगांसारखे फाटे फुटलेले. मॅरो टाळता येत नाही, कारण मायलोफायब्रोसिसची सुरुवातही अगदी अशीच, वाढलेल्या प्लेटलेटनेच होऊ शकते; तिथे या पेशी वेड्यावाकड्या, घोळक्याने दिसतात.

जॅक-2 पॉझिटिव्ह आलं असतं तर आणखी एक पेच होता. पॉलिसायथीमिया व्हेरामध्ये तांबड्या पेशी बेसुमार वाढतात, पण लोह संपलं की हिमोग्लोबिन दबून राहतं आणि नजरेत भरतात फक्त प्लेटलेट. अशा बाईला लोह दिलं की हिमोग्लोबिन 12 वर न थांबता 16 च्या पुढे जातं. म्हणून लोह देताना दोन्ही आकडे बघावे लागतात. एक उतरतो का, आणि दुसरा वेळेवर थांबतो का.

न्यूमोनिया खरा होता, लोहाची कमतरता खरी होती, फायब्रॉइडही खरा होता. 9 लाख 40 हजारांतले सव्वातीन लाखांच्या आसपास त्यांनीच चढवलेले. खालचे सहा लाख आधीपासूनचे.

वय साठच्या आत, रक्ताची गुठळी कधी झालेली नाही, जॅक-2 नाही. म्हणजे सगळ्यात कमी जोखमीचा गट. हायड्रॉक्सियुरियाची गरज नाही. अॅस्पिरिनचा विचार झाला, पण फायब्रॉइडचा रक्तस्राव आटोक्यात येईपर्यंत हिमॅटॉलॉजिस्टनी ते लांबवलं. ‘मग डॉक्टर, मी करायचं काय?’ बाईंनी विचारलं. दर काही महिन्यांनी सीबीसी, आणि तळपायांची आग झाली, नजर मधेच अंधारली किंवा हात बधिर पडला तर त्याच दिवशी यायचं, असं ठरलं. त्यांच्या फायलीत आता तीन वर्षांपूर्वीचा तो कागद सगळ्यात वर लावलेला असतो.