क्रॉप मोडने पक्षी जवळ येतो का?

हिवाळ्यात भिगवणच्या जलाशयावर फ्लेमिंगो उतरले की नावेत बसून फोटो काढणाऱ्यांना एकच अडचण येते, ती म्हणजे पक्षी लांब असतो आणि लेन्स अपुरी पडते. मग कॅमेऱ्याचा क्रॉप मोड चालू केला जातो. फुल-फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यावर 500 मिलिमीटरची लेन्स एकदम 750 ची वाटू लागते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी मोठा दिसतो.

प्रत्यक्षात सेन्सरवर पडणारी पक्ष्याची प्रतिमा होती तेवढीच राहते. कॅमेरा फक्त सेन्सरचा मधला भाग वापरतो आणि कडेचा सोडून देतो. लांबी-रुंदी दीडपटीने कमी झाली की क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी उरते. म्हणून 45 मेगापिक्सेलचा कॅमेरा क्रॉप मोडमध्ये सुमारे 19 मेगापिक्सेलचाच फोटो देतो. पूर्ण फ्रेममध्ये पक्षी 1000 पिक्सेल रुंद असेल, तर क्रॉप मोडमध्येही तो 1000 पिक्सेलच रुंद असतो. घरी येऊन संगणकावर तेवढाच भाग कापला, तरी तपशील आणि नॉइज तोच मिळतो.

फरक पडतो तो थवा उडतो तेव्हा. फ्लेमिंगो पंख पसरून झेपावला आणि पंखाचं टोक चौकटीबाहेर गेलं, तर पूर्ण फ्रेममध्ये ते सापडतं. क्रॉप मोडमध्ये रॉ फाइलसुद्धा सहसा कापलेलीच साठवली जाते, त्यामुळे ते टोक कायमचं जातं. उडत्या पक्ष्यासाठी मी तरी पूर्ण फ्रेमच वापरेन.

डिजिटल झूमचं प्रकरण याहून वाईट. दुप्पट झूम केलं की एक चतुर्थांश पिक्सेल उरतात. साधा डिजिटल झूम तेवढ्यावर न थांबता मधल्या जागा अंदाजाने भरून फोटो पुन्हा पूर्ण आकाराचा करतो. फाइलवरचा मेगापिक्सेलचा आकडा तोच राहतो, पण तपशील वाढलेला नसतो. फोटो शंभर टक्क्यांवर उघडून पिसांच्या कडा पाहा. त्या मऊ पडलेल्या असतात, आणि शार्पनिंग जास्त झालं असेल तर कडेला पांढरट रेघ दिसते. शिवाय असा झूम बऱ्याच कॅमेऱ्यांत फक्त जेपेगवर चालतो, त्यामुळे मूळ रॉवर परत जाता येत नाही.

तरीही क्रॉप मोड निरुपयोगी नाही. चिखलात स्थिर उभा असलेला लांबचा पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये मोठा दिसला, तर डोळ्यावर फोकस लागलाय का ते कळतं. फाइल लहान झाल्याने कार्डात जास्त फोटो मावतात आणि सलग फोटो काढताना बफर उशिरा भरतो. बारा बाय आठ इंचांच्या चांगल्या प्रिंटला 3600 बाय 2400, म्हणजे नऊएक मेगापिक्सेल लागतात. क्रॉप मोडच्या 19 मेगापिक्सेलमधून पुन्हा थोडं कापलं तरी ती निघते. मात्र काम झालं की मोड बंद करायला हवा, नाहीतर संध्याकाळी काढलेला अख्ख्या जलाशयाचा फोटोही मधल्या तुकड्याचाच निघतो.