‘पोळीत डबा ठेव’

घाईच्या सकाळी एखादी आई मुलाला ‘डब्यात पोळी ठेव’ असं सांगायला जाते आणि तोंडून निघतं, ‘पोळीत डबा ठेव’. घरातले हसतात आणि विषय संपतो. पण या चुकीत एक गोष्ट विलक्षण नीट घडलेली असते. ‘डब्यात’ आणि ‘पोळी’ हे तयार शब्द जसेच्या तसे जागा बदलून बसले असते, तर वाक्य झालं असतं ‘पोळी डब्यात ठेव’, म्हणजे चूक कोणाला जाणवलीच नसती. प्रत्यक्षात ‘त’ हा प्रत्यय आपल्या जागी राहिला आणि नाव तेवढी हलली. शिवाय ‘डब्या’ हे सामान्यरूप मागे टाकून ‘डबा’ मूळ रूपात आला. याचा अर्थ, जागांची अदलाबदल झाली तेव्हा प्रत्यय अजून लागलेलाच नव्हता.

अशा चुका गंभीरपणे जमवण्याचं काम व्हिएन्नातले भाषाशास्त्रज्ञ रुडॉल्फ मेरिंगर यांनी मनोविकारतज्ज्ञ कार्ल मायर यांच्यासह केलं. त्यांचा संग्रह 1895 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर सहा वर्षांनी फ्रॉइडने जीभ घसरण्यामागे दडपलेली इच्छा शोधली आणि सामान्य माणसाच्या मनात तोच अर्थ पक्का बसला. मेरिंगर यांची नजर मात्र चुकीच्या घडणीवर होती. वाक्य तयार कसं होतं, हे कळायला त्यांचीच वाट जास्त उपयोगी ठरली.

1970 च्या दशकात अमेरिकेत व्हिक्टोरिया फ्रॉमकिन आणि मेरिल गॅरेट यांनी इंग्रजी बोलण्यातल्या चुका तपासल्या. गॅरेट यांच्या लक्षात आलं की अदलाबदल ठळकपणे दोन प्रकारची असते. पूर्ण शब्द एकमेकांच्या जागी जातात, तेव्हा ते बहुधा एकाच जातीचे असतात, म्हणजे नामाच्या जागी नाम, क्रियापदाच्या जागी क्रियापद. त्यांच्यात अंतरही बरंच असू शकतं. नुसते ध्वनी बदलतात, तेव्हा जातीचा प्रश्न फारसा उरत नाही, पण शब्द सहसा शेजारशेजारचे लागतात आणि सुरुवातीचा ध्वनी सुरुवातीच्याच जागी जातो. एकाच टप्प्यात सगळं वाक्य ठरत असतं, तर हे दोन वेगळे नियम दिसले नसते. म्हणून गॅरेट यांनी दोन टप्पे मानले. आधी कोणता शब्द कोणती भूमिका करणार हे ठरतं. मग शब्दांचे ध्वनी ओळीने मांडले जातात, तेही थोड्या थोड्या पल्ल्यात.

प्रत्यय कुठे बसतात, याचं उत्तर एका छोट्याशा चुकीत मिळतं. बोलणाऱ्याला ‘काऊ ट्रॅक्स’, म्हणजे गाईच्या पायांचे ठसे, असं म्हणायचं होतं आणि तो म्हणाला ‘ट्रॅक काऊज’. अनेकवचनाचा प्रत्यय शेवटीच राहिला. पण ‘ट्रॅक’नंतर त्याचा उच्चार ‘स’ होतो आणि ‘काऊ’नंतर ‘ज’सारखा. चुकीतही बरोबर ‘ज’च आला. तोंडातून काय निघायचं याची शेवटची जुळणी नावं हलल्यानंतर झाली, हे यातून उघड होतं. आपल्या ‘पोळीत डबा’मध्येही नेमका हाच क्रम दिसतो. चूक झाली तरी व्याकरण आपलं काम पुरं करतं, आणि या अभ्यासातली खरी थक्क करणारी गोष्ट हीच आहे.

या पुराव्याला एक मोठी मर्यादा आहे. कानाने टिपलेल्या चुकांत गमतीच्या आणि ठळक चुका जास्त येतात. सूक्ष्म चुका ऐकणारा नकळत दुरुस्त करूनच ऐकतो. म्हणून 1975 मध्ये बार्स, मॉटली आणि मॅके यांनी प्रयोगशाळेत मुद्दाम चुका घडवल्या. माणसाला शब्दांच्या जोड्या मनात वाचायला द्यायच्या. ‘ब’ने आणि मग ‘ड’ने सुरू होणाऱ्या काही जोड्या लागोपाठ दाखवायच्या. मग अचानक उलट क्रमाची ‘डार्न बोअर’ ही जोडी समोर आणून ती मोठ्याने म्हणायला सांगायची. काहींच्या तोंडून ‘बार्न डोअर’ निघतं. यातून दिसलं ते असं: अदलाबदलीतून खरे शब्द तयार होत असतील तर चूक जास्त वेळा घडते, निरर्थक अक्षरं बनत असतील तर कमी.

याचं कारण काय, यावर दोन मतं आहेत. एका मतानुसार उच्चारापूर्वी आत एक तपासणी होते आणि अर्थहीन जोडी तिथे पकडली जाते, अर्थपूर्ण जोडी मात्र निसटते. गॅरी डेल यांच्या 1986 च्या मांडणीत असा वेगळा तपासनीस लागत नाही. जागे झालेले ध्वनी उलट आपापल्या शब्दांनाही जागं करतात, त्यामुळे खऱ्या शब्दांना आपोआप बळ मिळतं. तसं असेल तर गॅरेट यांचे टप्पे एकामागून एक बंद होत जाणाऱ्या खोल्यांसारखे नाहीत. खालच्या टप्प्यावरचा आवाज वरच्या टप्प्यावर पोचतो आणि कोणता शब्द निवडायचा यात ढवळाढवळ करतो.