पाच वर्षांनंतरचं विचारतात तेव्हा

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" मुलाखतीत हा प्रश्न आला आणि आपलंच काही ठरलेलं नसलं, की उमेदवार एकतर "आत्ताच काय सांगणार" म्हणतो किंवा "मॅनेजर झालेलो असेन" असं ठोकून देतो. पहिल्या उत्तराने तो बेफिकीर वाटतो. दुसऱ्यावर "त्यासाठी सध्या काय करताय?" एवढं विचारलं, तरी बोलणं खुंटतं.

खरं तर विचारणाऱ्याला भविष्यवाणी नको असते. नवा माणूस कामात रुळायला काही महिने लागतात. तेवढ्यात तो निघून गेला तर पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखती. म्हणून हा माणूस टिकेल का आणि त्याला हवं ते आपल्याकडे मिळेल का, हे त्याला चाचपायचं असतं.

चाकणच्या एखाद्या कारखान्यात अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी आलेली बी.कॉम. झालेली मुलगी घेऊ. सीएची परीक्षा द्यावी, एमबीए करावं की अनुभव घेत राहावं, याचा तिचा निर्णय झालेला नाही. तिने पाच वर्षांचे तुकडे पाडावेत. जवळचं नेमकं सांगावं, लांबचं नुसती दिशा म्हणून: "वर्षभरात बिलांच्या नोंदी, बँक रिकन्सिलिएशन आणि जीएसटीची रिटर्न मला एकटीने करता यायला हवीत. पुढच्या दोन वर्षांत महिनाअखेरीचे हिशेब आणि ऑडिटची तयारी सांभाळायला आवडेल. त्यापुढे टॅक्सेशन की कॉस्टिंग, हे ठरलेलं नाही. दोन्ही कामं जवळून पाहून ठरवेन."

यात "ठरलेलं नाही" हे तिने उघड सांगितलं आहे, पण ते खटकत नाही. आधीच्या वाक्यांतून तिला ही जागा समजली आहे हे दिसलेलं असतं आणि कशावरून ठरवणार, तेही ती सांगते. पुढे खोदून विचारलं तर तिच्याकडे खरा तपशील हवा: "जीएसटीआर-१ भरलाय. ३बी भरताना इनपुट क्रेडिट जुळवायला अजून मदत लागते." मग तिनेही विचारावं, "या जागेवरची माणसं पुढे कोणत्या कामावर जातात?" उत्तर गुळमुळीत आलं, तर तिथे वाढायला वाव कमी असण्याची शक्यता आहे.

लग्न, परदेश, स्पर्धा परीक्षा असे मनात घोळणारे विचार आपणहून मांडायची गरज नाही. मात्र "पुढे शिकणार का?" असं थेट विचारलं तर "नाही" म्हणू नये. "विचार आहे, निर्णय झालेला नाही" हे उत्तर पुरतं. पण सहा महिन्यांनी सुरू होणाऱ्या कोर्सला प्रवेश घेऊन फी भरलेली असेल, तर ही पद्धत वापरू नये. तिथे अनिश्चित काही उरलेलं नसतं. असं उत्तर देणं म्हणजे ठरलेली गोष्ट लपवणं.