चार अक्षरांचे १०८ बाइट

नाशिकमधल्या एका घरातून लॅपटॉपवर कुणीतरी ‘उद्या येतो’ असं लिहितं आणि एंटर दाबतं. डोळ्यांना दिसतात ती चार अक्षरं आणि मधली एक मोकळी जागा. लॅपटॉपच्या मागच्या केबलमधून मात्र १०८ बाइट बाहेर पडतात. त्यातला मजकूर फक्त २८ बाइटचा असतो. उरलेले ८० बाइट कुणी घातले आणि वाटेत कोण कोण ते वाचतं, हे पाहिलं की इंटरनेटचे ‘थर’ म्हणजे काय ते समजतं.

सुरुवात मजकुरापासून करू. संगणकाला ‘द्या’ हे एक अक्षर दिसत नाही. त्याच्यासाठी द, हलन्त, य आणि काना अशा चार वेगळ्या खुणा असतात. त्या हिशेबाने ‘उद्या येतो’मध्ये नऊ देवनागरी खुणा आणि एक मोकळी जागा आहे. आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते आणि मोकळी जागा १, म्हणून एकूण २८. समोरच्या संगणकाने हेच २८ बाइट दुसऱ्या पद्धतीने वाचले तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. मजकूर कोणत्या रूपात पाठवायचा हे दोन्ही बाजूंनी आधी ठरवावं लागतं, आणि सात थरांच्या नमुन्यात या कामाला स्वतंत्र थर दिला आहे, प्रेझेंटेशन.

हा सात थरांचा नमुना आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आयबीएमची यंत्रं आयबीएमशीच बोलत आणि डेकची डेकशी. कोणत्याही कंपनीची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून आयएसओने समिती नेमली, आणि १९८४ मध्ये ओएसआय नावाचा नमुना प्रसिद्ध झाला. त्यात खालून वर फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन आणि अॅप्लिकेशन असे थर आहेत. प्रत्येक थराने आपलं काम करावं, खालच्याकडून सेवा घ्यावी, वरच्याला सेवा द्यावी आणि एकमेकांच्या पोटात डोकावू नये, असा करार.

इंटरनेट ज्यावर चालतं ती रचना वेगळ्या वाटेने आली. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेला टीसीपी एकच मोठा प्रोटोकॉल होता. पॅकेट योग्य पत्त्यावर नेणं आणि हरवलेलं पुन्हा पाठवणं ही दोन्ही कामं त्याच्याकडेच होती. पण नेटवर्कवरून आवाज पाठवण्याचे प्रयोग करणाऱ्यांना हरवलेला तुकडा पुन्हा नकोच होता, कारण उशिरा पोचलेला शब्द संभाषणात निरुपयोगी असतो. म्हणून १९७८ मध्ये टीसीपीचे दोन भाग केले गेले. पत्त्यावर नेणारा तो आयपी, आणि नीट पोचलं की नाही हे पाहणारा तो टीसीपी. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट या जोडीवर गेलं, म्हणजे ओएसआयचा दस्तऐवज छापला जाण्याआधीच. पुढे १९८९ मध्ये इंटरनेटच्या आरएफसी ११२२ या दस्तऐवजात चार थर स्पष्ट लिहिले गेले. लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट, अॅप्लिकेशन. सेशन आणि प्रेझेंटेशन हे थर त्यात नाहीत. ती कामं लागतात, पण ज्या प्रोग्रॅमला ती लागतील त्याने ती स्वतः करावीत, असा त्याचा अर्थ. माझ्या मते हीच या रचनेतली सगळ्यांत शहाणी गोष्ट आहे. मजकुराचं रूप काय असावं हे ब्राउझरला आणि व्हिडिओ कॉलला सारखंच लागू होत नाही, मग मधल्या थरावर त्याची सक्ती कशाला?

आता आपले २८ बाइट पुढे नेऊ. पाठवणारा प्रोग्रॅम अगदी साधा आहे आणि मजकुराला स्वतःचं काही जोडत नाही, असं धरू. पहिली भर पडते टीएलएसची, म्हणजे ब्राउझरमधल्या कुलपाच्या खुणेमागे जे चालतं त्याची. टीएलएस १.३ मजकुराचं कूटलेखन करतं, पुढे ५ बाइटचं हेडर लावतं, आतला मजकूर कोणत्या प्रकारचा हे सांगणारा १ बाइट आणि वाटेत फेरफार झाला का हे ओळखण्यासाठी १६ बाइटची खूण जोडतं. २८ चे ५० झाले.

हे टीएलएस कितव्या थरावर बसतं? काही पुस्तकं पाचवा सांगतात, काही सहावा, आणि परीक्षेत यावर गुण जातात. खरं पाहता ते टीसीपीच्या वर आणि प्रोग्रॅमच्या खाली बसतं. सात खणांपैकी एकाही खणात ते चपखल बसत नाही, कारण ते त्या खणांसाठी बनवलेलंच नाही. चार थरांच्या रचनेत ते सरळ अॅप्लिकेशनचा भाग ठरतं आणि प्रश्न मिटतो.

त्यानंतर टीसीपी. हा आपलं २० बाइटचं हेडर पुढे लावतो. प्रत्यक्षात वेळेची नोंद वगैरे जोडून ते बऱ्याचदा ३२ पर्यंत जातं, पण आपण कमीत कमी धरू. त्यात दोन पोर्ट क्रमांक असतात. एक आपल्या लॅपटॉपने तात्पुरता घेतलेला, दुसरा सर्व्हरचा ४४३. हे बाइट कितव्या क्रमांकापासून सुरू होतात हेही त्यात असतं, म्हणजे तुकडे उलटसुलट आले तरी पलीकडे नीट लावता येतात. ७० बाइट झाले.

मग आयपीचे २० बाइट. पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, आणि एक उलटी मोजणी, जी अनेकदा ६४ पासून सुरू होते. प्रत्येक राउटर ती एकाने कमी करतो. शून्यावर आली की पॅकेट टाकून दिलं जातं, नाहीतर चुकीच्या वाटेला लागलेलं पॅकेट कायमचं गोल गोल फिरत राहिलं असतं. ९० झाले.

शेवटी इथरनेट. पुढे १४ बाइट, त्यात दोन नेटवर्क कार्डांचे पत्ते, आणि मागे ४ बाइटची तपासणी. एकूण १०८. पाकिटात पाकीट घालत जावं तशी ही रचना आहे. प्रत्येक पाकिटावर पत्त्यासोबत आत काय आहे याचीही खूण असते, आणि पलीकडचं उघडणं त्या खुणांवरच चालतं. इथरनेटच्या हेडरमध्ये `0x0800` असेल तर आत आयपी आहे. आयपीच्या हेडरमध्ये ६ हा आकडा असेल तर आत टीसीपी, १७ असेल तर यूडीपी. टीसीपीतला पोर्ट सांगतो की कोणत्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायचं. कुणालाही दोन पाकिटं एकदम उघडावी लागत नाहीत.

वाटेत काय होतं ते पाहा. घरातल्या राउटरवर इथरनेटचं पाकीट फेकून दिलं जातं. ते फक्त लॅपटॉप ते राउटर एवढ्यापुरतंच होतं. राउटर आयपी पत्ता वाचतो, उलटी मोजणी ६३ करतो आणि पुढच्या टप्प्याला चालेल असं नवं पाकीट चढवतो. सर्व्हरपर्यंत प्रत्येक राउटरवर हेच घडतं. टीएलएसच्या आतले २८ बाइट मात्र कुणीच पाहत नाही. वायफाय जाऊन फायबर आलं तरी ब्राउझर बदलावा लागला नाही, तो यामुळेच.

पण करार तंतोतंत पाळला जातो असं नाही. घरातल्या लॅपटॉपचा पत्ता `192.168.1.10` असा असतो, जो बाहेरच्या जगात चालत नाही. म्हणून राउटर आयपी हेडरमधला पत्ता स्वतःच्या पत्त्याने बदलतो, आणि उत्तर आलं की ते घरातल्या कोणत्या यंत्राचं हे ओळखता यावं म्हणून टीसीपीचा पोर्टही गरजेप्रमाणे बदलतो. म्हणजे तिसऱ्या थरावर काम करणाऱ्या यंत्राने चौथ्या थराच्या पाकिटात हात घातला. नमुन्याप्रमाणे हे नियमबाह्य आहे, आणि कोट्यवधी घरांतलं इंटरनेट यावरच चालतं.

पाकिटांना लागणारी जागाही कधी कधी वरच्या थरांना त्रास देते. साधं इथरनेट आत जास्तीत जास्त १५०० बाइटचं आयपी पॅकेट घेतं. पण अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी पीपीपीओई नावाचं आणखी एक पाकीट मध्ये येतं. ते ८ बाइट खातं, आणि पॅकेटला १४९२ उरतात. लॅपटॉपला हे ठाऊक नसतं. तो सर्व्हरला सांगतो की १५०० चालतील. सर्व्हर मोठं पान पाठवू लागतो आणि पॅकेटवर ‘तुकडे करू नका’ अशी खूण असते. अरुंद जागी असलेला राउटर ते पॅकेट टाकून देतो आणि सर्व्हरला लहान पाठवण्याचा निरोप देतो. सर्व्हरसमोरच्या फायरवॉलने तो निरोप अडवला तर सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

घरी याचं लक्षण मोठं विचित्र दिसतं. ‘उद्या येतो’ लगेच जातं, कारण ते लहान आहे. पिंग चालतं, वेबसाइटशी जोडणीही होते. पण काही साइटची पानं अर्धवट अडकतात आणि काहींची अजिबात उघडत नाहीत. लोक ब्राउझर बदलतात, अँटिव्हायरसला दोष देतात. खरा दोष सगळ्यांत खालच्या थरावर असतो. लिनक्सवर तो असा तपासता येतो:

```
ping -M do -s 1472 203.0.113.25
ping -M do -s 1464 203.0.113.25
```

पत्त्याच्या जागी साध्या पिंगला उत्तर देणारा एखादा सर्व्हर घाला. १४७२ मध्ये पिंगच्या हेडरचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की बरोबर १५०० होतात. पहिली आज्ञा फसली आणि १४९२ वर थांबणारी दुसरी चालली, तर वाटेत कुठेतरी ८ बाइटचं पाकीट आहे. उपाय घरातल्या राउटरमध्येच असतो. जोडणी सुरू होताना लॅपटॉप सर्व्हरला ‘एका वेळी माझ्याकडे १४६० बाइट पाठवा’ असं सांगतो. राउटर तो आकडा वाटेतच १४५२ करतो. त्यात टीसीपी आणि आयपीचे चाळीस बाइट मिळवले की नेमके १४९२ होतात. लिंक थराची अडचण इथे टीसीपीच्या हेडरमधला आकडा बदलून सोडवली जाते, आणि हा बदल करण्याची सोय बहुतेक राउटरमध्ये ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ या नावाने असते.

सात थरांच्या नमुन्याचं पुढे काय झालं? अमेरिकी सरकारने १९९० पासून आपल्या खरेदीत ओएसआयच्या प्रोटोकॉलची सक्ती केली आणि १९९५ मध्ये मागे घेतली. प्रोटोकॉल बहुतेक गेले, पण सगळे नाही. टीएलएसमध्ये सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र आजही एक्स.५०९ या मानकाचं असतं, आणि ते त्याच प्रयत्नातून १९८८ मध्ये निघालं. क्रमांकही टिकले. नेटवर्कचं काम करणारे ‘लेयर २ स्विच’ म्हणतात, मजकूर वाचून वाटप करणाऱ्या यंत्राला ‘लेयर ७’चं म्हणतात. चार थरांच्या इंटरनेटवर काम करताना ते सातच्या मोजणीत बोलतात. पाच आणि सहा हे आकडे मात्र त्यांच्या तोंडी क्वचितच येतात.